एआयची चित्रं ‘जरा नीट’ करून देण्याचं काम

प्रश्न: मला मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत. आता एआय दोन मिनिटांत चित्र देतं, तर या कामात काही उरलंय का? आणि कोणतं टूल शिकावं?

उरलंय. पण काम बदललंय, आणि त्यातला एक प्रकार तुमच्याकडे नक्की येणार, म्हणून लिहिते.

एका प्रकाशन संस्थेने मला एआयने काढलेली १४ चित्रं पाठवली. लहान मुलगी, आजोबा, त्यांची सायकल. सोबत निरोप होता: ‘फक्त हात तेवढे दुरुस्त करून द्या.’ मानधन नेहमीच्या एक तृतीयांश.

पहिल्याच चित्रात मुलीने सायकलचं हँडल धरलं होतं आणि तिला सहा बोटं होती. एक बोट पुसलं, तर त्याच्यामागे काहीच नव्हतं. आपण चित्र थरांमध्ये काढतो, हात एका थरावर आणि हँडल दुसऱ्या. इथे सगळं एकाच सपाट थरात. म्हणून बोटामागचं हँडल मला नव्याने काढावं लागलं. ते सरळ केल्यावर लक्षात आलं, की ब्रेकची तार कुठेच जात नाही आणि साखळी पेडलला जोडलेलीच नाही. मग सावलीही बदलली. एका हातासाठी पाच तास गेले. तेच चित्र कोऱ्या पानावर मी सहा-सात तासांत काढते.

पुढच्या चित्रात मुलीची वेणी डावीकडून उजवीकडे गेली होती आणि फ्रॉकची चार बटणं पाच झाली होती. मोठ्यांच्या नजरेतून हे सुटतं. तेच पुस्तक रोज रात्री ऐकणारं मूल बटणं मोजतं. शिवाय चित्रं होती १०२४ पिक्सेल रुंद, म्हणजे छपाईला लागतात तसे इंचाला ३०० ठिपके धरले, तर साडेतीन इंचांपेक्षाही कमी. पान आठ इंचांचं. ती मोठी करणारी टूल्स आहेत, पण ती नसलेला तपशील मनाने भरतात. आजोबांच्या मिशीचं त्यांनी गवत केलं होतं.

खरी अडचण वेगळीच होती. चौदाही चित्रांत मुलगी मधोमध, सारख्याच अंतरावर, समोर बघत उभी. गोष्टीत ती सायकलवरून पडते ते पान उलटल्यावर कळायला हवं, म्हणजे त्याआधीच्या पानावर तिची नजर आणि चाक दोन्ही पानाच्या उजव्या कडेकडे जायला हवीत. मी तळहाताएवढ्या चौकोनांत सगळ्या पुस्तकाची कच्ची रेखाटनं केली आणि संपादकांना म्हटलं, ‘आधी हे बघा.’ त्यांनी पाहिली, रेखाटनांचे वेगळे पैसे मान्य केले आणि पुस्तक मी पहिल्यापासून काढलं.

माझा जुना भागीदार नेहमी म्हणायचा, ‘रफ कोण बघतंय? थेट फायनल दे.’ याच मुद्द्यावर आम्ही वेगळे झालो. मी आजही ठामपणे सांगते, तो चुकत होता. गुळगुळीत फायनल आता कुणीही देतो. कोणत्या पानावर काय दाखवायचं आणि काय लपवायचं, हे त्या चौकोनांत ठरतं. तेव्हा रेखाटनांचा टप्पा बिलात वेगळा लावा आणि ती तारीख घालून जपून ठेवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने एका कॉमिकबद्दल ठरवलं, की मजकूर आणि चित्रांची मांडणी लेखिकेची, पण मिडजर्नी या एआय टूलमधून निघालेल्या सुट्या चित्रांवर तिचा हक्क नाही. हात तुमचा होता हे दाखवता येणं त्यामुळे कामाचं ठरतं.

दुरुस्तीचं काम घ्यावंच लागलं, तर सगळ्यात अवघड चित्र आधी घड्याळ लावून करा आणि मगच दर सांगा. करार नीट वाचा. माझ्या करारात ‘सर्व चित्रे माझी स्वतःची व मूळ आहेत’ असं कलम होतं. यंत्राच्या चित्रांखाली त्यावर सही कशी करणार? मी ते खोडायला लावलं. लेखनातही हेच चाललंय. माझ्या एका अनुवादक मैत्रिणीला आता ‘मशीनचं भाषांतर जरा नीट करा’ अशीच कामं येतात, आणि तीही शेवटी मूळ मजकूर उघडून पहिल्यापासून लिहिते.

एक मात्र सांगायला हवं. माझा हा अनुभव सलग गोष्टीच्या पुस्तकांचा आहे. लेखावरचं एखादं सुटं चित्र, सादरीकरणातली सजावट, असली कामं माझ्याकडची जवळपास गेली आणि ती परत येतील असं मला वाटत नाही. नवख्यांचा हात त्याच कामांवर बसायचा, म्हणून तुमची सुरुवात माझ्यापेक्षा कठीण आहे.

टूलचं म्हणाल, तर कोणतंही एक घ्या, आठवड्यात कळतं. त्याच्याकडून एकच मुलगी सलग बारा पानांवर काढून घ्या आणि तिची बटणं मोजा.