सिंकभोवतीचं सिलिकॉन: टेप कधी काढायची, पाणी कधी सोडायचं

प्रश्न: स्वयंपाकघरातल्या सिंकभोवती मी स्वतः सिलिकॉन लावलं. कड ओबडधोबड आलीच, पण दोन महिन्यांत ते कडेनं सुटून काळं पडलं. मास्किंग टेप लावून नीट कसं करायचं आणि किती वेळ पाणी लागू द्यायचं नाही?

उत्तर:

सुटलं म्हणजे खाली काहीतरी राहिलं होतं: तेलकटपणा, साबण, ओल किंवा आधीचं सिलिकॉन. वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला नवं नीट धरत नाही, म्हणून वरून भर घालू नका. कटरनं सगळं सोलून काढा. उरलेला पातळ थर डोळ्यांना दिसत नाही. त्या जागी ओलं बोट फिरवून पाहा. पाणी पसरलं तर जागा स्वच्छ आहे, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर अजून घासायचं बाकी आहे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि रात्रभर कोरडं राहू द्या. सिंकच्या फटीत शिरलेलं पाणी तासाभरात वाळत नाही.

आता ट्यूब कोणती? लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन स्टील आणि काचेला चालतं, पण त्यातून सुटणारं आम्ल कडप्पा किंवा संगमरवराचा ओटा खातं. दगडी ओट्यासाठी ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या, आणि त्यातही बुरशीरोधक असलेलं सॅनिटरी प्रकारचं, म्हणजे काळं पडणं लांबतं. काही सिलिकॉनचा तेलकट डाग ग्रॅनाइटमध्ये उतरतो, म्हणून ओट्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावून एक-दोन दिवस पाहा.

आमच्या घरचं सिंक २४ बाय १८ इंचांचं आहे, म्हणजे कड साधारण २१४ सेंटीमीटर. ६ मिलिमीटरच्या कोपऱ्यात भरायला जेमतेम ४० मिलिलिटर लागलं, आणि ट्यूब २८० मिलिलिटरची असते. जास्त ओतायची गरजच नसते, आणि ओबडधोबड कड बहुतेक वेळा जास्तीच्या मालामुळेच होते.

टेप दोन ओळींत लावायची: एक सिंकच्या काठावर, दुसरी ओट्यावर. सांध्यापासून दोन्हीकडे ६-६ मिलिमीटर मोकळे सोडा. तेवढीच तुमच्या पट्टीची रुंदी होणार. टेपची आतली कड नखानं घट्ट दाबा, नाहीतर माल खाली शिरतो आणि रेघ फाटते. नोझल तिरकं कापा, भोक ४-५ मिलिमीटरचं ठेवा. सुरुवात कोपऱ्यात न करता बाजूच्या मध्यावर करा, म्हणजे जोड कोपऱ्यात येत नाही. गन एकाच गतीनं चालवा आणि चारही बाजू न थांबता पुऱ्या करा.

इथून पुढे वेळ महत्त्वाची. सिलिकॉन हवेतल्या ओलीनं पिकतं आणि वर आधी साय धरतं, बहुतेक मालाला १० मिनिटांच्या आसपास. पावसाळ्यात त्याहून लवकर. साय धरायच्या आत दोन्ही कामं उरकली पाहिजेत: बोट फिरवणं आणि टेप काढणं. बोट साबणाच्या पाण्यात बुडवून निथळा, मग एका बाजूला एकदाच, हलक्या हातानं फिरवा. साबणाचं पाणी फक्त बोटाला, सिलिकॉन घालण्यापूर्वी ओट्यावर कधीच नको, नाहीतर ते धरणारच नाही. जमलेला जादा माल कागदानं पुसत जा. लगेच टेप सांध्यापासून दूर, तिरकी ओढत काढा. माझ्या पहिल्या खेपेला मी टेप दुसऱ्या दिवशी काढली. सायीसकट पट्टीच फाटली आणि सगळं पुन्हा करावं लागलं. टेप निघाल्यावर राहिलेली बारीकशी कड ओल्या बोटानं एकदा टेकवली तर बसते. त्यानंतर हात लावू नका, दुरुस्तीच्या नादात चांगली रेघ बिघडते.

पाण्याबद्दल: आत पिकायचा वेग ढोबळमानानं २४ तासांत २ ते ३ मिलिमीटर. म्हणून आमच्यासारख्या पट्टीला मी दोन दिवस पाणी लागू देत नाही, फट खोल असेल तर तीन. वर हात लावून कोरडं वाटलं म्हणजे आतून झालं असं नाही. खात्री हवी असेल तर त्याच वेळी तेवढ्याच जाडीची एक पट्टी प्लास्टिकच्या झाकणावर ओढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कटरनं कापून पाहा. मधे चिकट असेल तर सिंकही तितकंच ओलं आहे. भांडी तोवर बाथरूममध्ये घासावी लागतील, पण सिंकखालच्या कपाटाची प्लाय फुगण्यापेक्षा ते परवडतं.