गॅस बंद केलाय का? सवय, परफेक्शनिझम आणि ओसीडी

प्रश्न: घरातून निघताना मी गॅस आणि कुलूप दोन-तीनदा तपासतो. कधीकधी जिन्यावरून परत वर जातो. ऑफिसात एक्सेल शीटमधला एक कॉलम जरी वाकडातिकडा दिसला तरी मला चैन पडत नाही. बायको म्हणते, तुला ओसीडी आहे. खरंच असेल का? की मुंबईत धावपळ करणाऱ्या सगळ्यांचंच असं असतं?

उत्तर:

दोन-तीनदा या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. एखादा माणूस रोज तीनदा कुलूप ओढून बघतो आणि त्याला काहीही झालेलं नसतं. दुसरा एकदाच बघतो, पण त्या एकदा बघण्यात वीस मिनिटं जातात. मी तुम्हाला समोर बसवून विचारलं असतं तर पहिला प्रश्न हाच असता: तुमचं तपासणं थांबतं कशामुळे?

सवयीने तपासणारा माणूस माहिती मिळाली की थांबतो. बटण आडवं आहे, बर्नरवर ज्योत नाही, झालं. ओसीडीत, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर या मनाच्या आजारात, माहिती पहिल्याच नजरेत मिळालेली असते, तरी माणूस तिथेच उभा राहतो, कारण त्याला आतून 'आता पक्कं' असं वाटायला हवं असतं. ते वाटणं काही केल्या येत नाही, किंवा आलं तरी लिफ्टपर्यंत टिकत नाही. डोळ्यांना दिसतंय, बुद्धीला पटतंय, पण मन सही करत नाही. असे लोक अगदी हेच शब्द वापरतात: "बंद आहे हे मला माहीत आहे हो, पण तसं वाटत नाही."

हे जवळून बघायचं तर एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, पण तपशील नेहमी दिसणारे आहेत. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहणारा, पाइपचा गॅस, तीन बर्नरची शेगडी. सुरुवातीला तो निघताना तिन्ही बटणांवरून नजर फिरवायचा. मग बोट लावून बघायला लागला. मग डावीकडून उजवीकडे, प्रत्येक बटणाला तीनदा हात. मध्येच फोन वाजला किंवा मुलाने हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. पुढे शेगडीकडे जाणाऱ्या पाइपवरचा कॉक बंद करणं आलं आणि मग तो कॉक बंद आहे का हे बघणंही आलं. आठ-बाराची लोकल आठ-चाळीसची झाली. मग त्याने एक युक्ती काढली: शेगडीचा फोटो काढून ठेवायचा. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी गाडीत फोटो मोठा करकरून बघताना मनात आलं, हा फोटो काढल्यानंतर माझाच हात बटणाला लागला नसेल कशावरून? आता तो सकाळचा चहा घरी पीतच नाही, गॅस पेटवायलाच नको म्हणून. शेवटी घर बंद करायचं काम बायकोकडे दिलंय, आणि तिला अकरा वाजेपर्यंत तीन फोन जातात.

यात गॅसच्या भीतीपेक्षा खोल असं काहीतरी आहे. स्फोट होईल याची धास्ती त्याला आहेच, पण तो 'माझ्यामुळे' होईल, शेजारची माणसं माझ्या निष्काळजीपणाने जातील, ही बोच जास्त मोठी आहे. म्हणून बायको घरात असताना त्याला काहीच होत नाही. शेवटचा बाहेर पडणारा तो नसला की जबाबदारी त्याची राहत नाही.

आता मुख्य मुद्दा. जास्त तपासलं की खात्री वाढेल असं आपल्याला वाटतं. घडतं उलटं. नेदरलँड्समध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ओसीडी नसलेल्या विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरची गॅस शेगडी पुन्हापुन्हा तपासायला लावली. दुसऱ्या गटाने तेवढ्याच वेळा दिवे तपासले. शेवटी दोन्ही गटांनी एकदा शेगडी तपासली आणि मग त्यांना विचारलं, या शेवटच्या वेळी शेगडीची कोणती बटणं तपासलीत? शेगडी तपासणाऱ्यांची उत्तरं तितकीच बरोबर होती, पण त्यांची आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. पुढे कॅनडात खऱ्या शेगडीवर प्रयोग झाला, तिथेही हेच दिसलं. कारण समजायला सोपं आहे. तेच तेच बघितलं की मेंदू तपशील नोंदवणं सोडतो, सगळ्या वेळा एकमेकींत मिसळतात. मग जिन्यात उभं राहून आठवायला जावं तर आजचं बटण आणि कालचं बटण यांत फरक करता येत नाही. धूसर आठवण म्हणजे 'बघितलंच नाही' असा अर्थ माणूस लावतो आणि परत वर जातो. शंका घालवायला केलेलं कामच नवी शंका तयार करतं.

म्हणूनच स्वतःला तपासायचा एक साधा मार्ग आहे. आठवडाभर एकच नियम पाळा: एकदा बघायचं, सावकाश, इतर काही न करता. मग दार ओढायचं आणि चालू पडायचं. परत फिरायचं नाही, बायकोला विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही. पहिले दोन दिवस चुटपुट लागेल, ती सगळ्यांना लागते. सवय असेल तर स्टेशन येईपर्यंत तुम्ही ऑफिसच्या विचारात असाल आणि चौथ्या-पाचव्या दिवशी विषय संपलेला असेल. ओसीडी असेल तर नियम पाळणं जवळजवळ अशक्य वाटेल, छातीत धडधडेल, नाहीतर शरीराने तुम्ही गाडीत असाल आणि मनात स्वयंपाकघराची चित्रफीत पुन्हापुन्हा चालवत असाल. ती चित्रफीतही तपासणीच आहे, फक्त बाहेरून दिसत नाही. बऱ्याच जणांचं निदान लांबतं ते यामुळेच: "मी हल्ली परत जात नाही" म्हणतात आणि डोक्यात चाळीस वेळा जाऊन येतात.

निदानाच्या निकषांत वेळेचा एक अंदाज दिलेला आहे: विचार आणि कृती मिळून दिवसाला एक तासाहून जास्त. पण तासाची अट एकटी नाही. वेळ कमी असला तरी त्याने लक्षणीय त्रास होत असेल किंवा नोकरी-घर अडत असेल तरी ते धरलं जातं. लेट मार्क, चुकलेली गाडी, घरातली रोजची धुसफूस, टाळलेला सकाळचा चहा हे सगळं त्यात येतं.

एक्सेलचा कॉलम मात्र मी वेगळ्या खात्यात टाकेन. नीटनेटकेपणा तुम्हाला स्वतःला हवा असतो. शीट सरळ केल्यावर बरं वाटतं, आणि साहेब म्हणाले "आहे तशी पाठव" तर कुरकुरत का होईना, तुम्ही पाठवता. परफेक्शनिस्ट माणसाला आपलं मोजमाप योग्यच वाटतं. ओसीडी असलेल्याला बहुतेक वेळा आपली कृती मूर्खपणाची वाटते, लाज वाटते, आणि तरी ती सोडवत नाही. परफेक्शनिझम टोकाला गेला की त्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर असं वेगळं नाव आहे. नाव सारखं असल्याने गोंधळ होतो. तिथे माणूस म्हणतो, माझीच पद्धत बरोबर, आणि त्रासाची तक्रार बहुधा घरचे किंवा हाताखालचे करतात. एक अपवाद लक्षात ठेवा: काहींना कसलीही भीती नसते, पण वस्तू 'बरोबर' लागल्याशिवाय हात निघत नाही आणि त्यात तास जातो. ते नीटनेटकेपणासारखं दिसलं तरी ओसीडी असू शकतं.

समजा आठवड्याचा नियम जमलाच नाही. मग इलाज आहे, आणि तो गप्पांचा नाही. ईआरपी म्हणजे भीतीला सामोरं जाणं आणि ठरलेली कृती न करणं. मुलुंडच्या त्या माणसासाठी सोप्याकडून अवघडाकडे जाणारी यादी केली जाते. आधी बायको घरात असताना त्याने गॅस पेटवायचा, बंद करायचा आणि एकदाच बघून लगेच खाली जाऊन दहा मिनिटं थांबायचं. मग दोघांनी बाहेर पडायचं, पण कुलूप त्याने लावायचं. मग स्टेशनपर्यंत. मग दिवसभर. यातल्या कुठल्याही पायरीवर गॅस मुद्दाम चालू ठेवायला सांगत नाहीत. सोडायची असते ती खात्री. गाडीत शंका आली की "नाही, बंदच आहे" असं घोकायचं नाही, कारण घोकणंही तपासणीच होते. "असेल चालू, नसेल, आज मला कळणार नाही" एवढ्यावर सोडायचं आणि पोटातला गोळा तसाच राहू द्यायचा. एकाच पायरीवर बरेच दिवस राहिलं की तो लवकर उतरायला लागतो. साधारणपणे आठवड्याला एक याप्रमाणे बारा ते वीस बैठकी लागतात, आणि खरं काम दोन बैठकींच्या मधल्या दिवसांत घरी होतं.

हे बहुधा बिघडतं ते घरच्या प्रेमामुळे. त्याने विचारलं "बंद केलास ना?" की बायको म्हणते "हो रे बाबा, केलाय." दोन मिनिटं शांतता मिळते आणि संध्याकाळी प्रश्न पुन्हा येतो. दोघांनी शांत असताना आधीच ठरवायचं की या प्रश्नाला ती उत्तर देणार नाही. "आपलं ठरलंय ना, यावर मी बोलणार नाही" एवढंच म्हणेल. न ठरवता अचानक उत्तर देणं बंद केलं तर मात्र भांडण होतं.

औषधांबद्दल थोडक्यात. नैराश्यावरही वापरली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं देतात, पण नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रेत, आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारे खूप आहेत. औषध सुरू करणं आणि थांबवणं दोन्ही मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच. मुंबईत केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. जाताना आठवड्याची नोंद न्या: किती वाजता, काय तपासलं, किती मिनिटं, परत गेलात का. डॉक्टरांना बायकोच्या मतापेक्षा या कागदाचा जास्त उपयोग होतो.

आणि एक उलटा प्रश्न स्वतःला विचारा: परत वर गेल्यावर गॅस खरोखर चालू सापडलाय का? ओसीडीत तो जवळजवळ कधीच सापडत नाही. तुम्हाला गेल्या काही महिन्यांत दोन-तीनदा सापडला असेल, तर तपासणं रास्त आहे आणि शोध दुसरीकडे घ्यायला हवा: झोप, लक्ष, थायरॉइड, वय जास्त असेल तर स्मरणशक्ती. हे डॉक्टरांना वेगळं सांगा, कारण तिथे ईआरपी लावून चालणार नाही.