आई-बाबा सोलापुरात, मी टोरोंटोत

‘‘मी टोरोंटोत, आई-बाबा जुळे सोलापुरात एकटेच. दिवसातून तीनदा फोन करतो, तरी आपण त्यांना वाऱ्यावर सोडलंय असं वाटत राहतं. परत यावं का?’’

हा चाळिशीचा एकुलता एक मुलगा माझ्याकडे ऑनलाइन समुपदेशनासाठी आला, त्याला एक घटना कारण झाली होती. बाबा बाथरूममध्ये घसरले, मनगटाला प्लॅस्टर लागलं आणि त्याला ते कळलं तीन आठवड्यांनी, तेही आतेभावाकडून. ‘‘मी इतका दूर आहे की मला सांगावंसंही वाटलं नाही त्यांना,’’ असा त्याने अर्थ लावला.

मी आई-बाबांशी वेगळं बोलले. आई म्हणाली, ‘‘अहो, साधा खोकला सांगितला तरी हा रडकुंडीला येतो. मग डॉक्टरांवर चिडणार, तिकीट काढतो म्हणणार. त्याला सावरण्यातच आमचा दिवस जातो. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं.’’ हॉलमधल्या कॅमेऱ्यावर तिने टॉवेल टाकला होता. बाबा दुपारी आडवे झाले की टोरोंटोहून फोन यायचा, तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असली तरी. त्याने पाठवलेल्या मसाज खुर्चीवर वर्तमानपत्रांची रद्दी होती.

अपराधीपणातून केलेल्या चौकशीचं असंच होतं. फोन लावला की त्याला तासभर बरं वाटे, मग पुन्हा धाकधूक. आणि त्याची चौकशी जितकी वाढे, तितकं आई-बाबा लपवत. फोनवर कायम ‘सगळं मजेत’ ऐकू येऊ लागलं, तर ही शंका जरूर घ्यावी.

तिघांना एकत्र बसवून मी आईलाच अडचणी सांगायला लावल्या. पहिली निघाली पाण्याची. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं, तेही अवेळी, आणि त्या रात्री बाबा ओल्या फरशीवरून बादल्या वाहतात. दुसरी नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची. ‘तू इथे नाहीस’ ही त्या यादीत नव्हती. त्याला ते थोडं लागलंच.

पाण्यासाठी गल्लीतला एक मुलगा पगारावर ठेवला. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे आणि आतेभावाकडे दिली. रात्री काही झालं तर आधी कोण पोचणार, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे दोघांशी बोलून ठरवलं. पडणं, दवाखाना आणि नवं औषध, या तीन गोष्टी आई-बाबांनी त्याच दिवशी सांगायच्या. त्याने ऐकताना रागवायचं नाही, तिकिटाचं नाव काढायचं नाही. कॅमेरा काढला, फोन दिवसातून एकदाच.

खंत गेली का? नाही. सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत ती उसळतेच. पण ती आठवण आहे, तिच्यावर इलाज करायचा नसतो. परत यायचा प्रश्न आम्ही मुद्दाम सहा महिने बाजूला ठेवला आहे. घाबरलेल्या अवस्थेत नोकरी सोडू नये असं माझं मत. मात्र आई-बाबांपैकी कुणी गॅस चालू ठेवून विसरू लागलं, वारंवार पडू लागलं किंवा वजन झपाट्याने उतरलं, तर सहा महिने थांबायचं नाही, हेही ठरलं आहे.