एप्सिलॉन कुठल्या घरात टाकायचा?

तुझ्या वाहतूक समस्येच्या तक्त्यात ओळींचा पुरवठा 20, 30, 25 आणि स्तंभांची मागणी 20, 10, 45. वायव्य कोपऱ्यातून भरत गेलास, तर पहिल्याच घरात 20 टाकताना ओळ आणि स्तंभ एकदमच संपतात. पुढे (2,2) मध्ये 10, (2,3) मध्ये 20, (3,3) मध्ये 25. भरलेली घरं चार, हवीत ओळी + स्तंभ − 1, म्हणजे 3+3−1 = 5.

पाचवं घर भरायला ε, म्हणजे जवळजवळ शून्य असा नगण्य आकडा टाकतात; पण तो दिसेल त्या स्वस्त घरात टाकू नकोस; मीही सुरुवातीला हेच करायचो. (3,2) मध्ये टाकलास तर बाकीच्या तिघांशी बंद लूप होतो, आणि उपाय तपासायला ओळींचे u आणि स्तंभांचे v काढताना, पाच घरं भरूनही u₂ = 0 धरल्यावर u₁, v₁ निघतच नाहीत. पहिली ओळ किंवा पहिला स्तंभ यांतलंच सर्वांत स्वस्त रिकामं घर घे. पुढे लूपच्या वजा कोपऱ्यावर ε आला, तर फक्त तोच सरकतो. खर्च तेवढाच राहतो.