डोस तोच, मग लिथियम वाढलं कसं?

प्रश्न: आमचे आबा परभणीजवळ गावी असतात. मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारी लिथियमची गोळी चार वर्षांपासून तीच आहे, एकही जास्तीची घेतली नाही. तरी मे महिन्यात रक्तात 1.8 कसं आलं?

उत्तर: आत जाणारं लिथियम तेवढंच आहे, बाहेर पडणारं कमी झालंय. ते जवळपास सगळं लघवीवाटे जातं आणि मूत्रपिंड त्याला मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. उन्हात रानात घाम गाळला, पाणी कमी प्यायलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, सोबत लिथियमही.

माझा दुसरा संशय गुडघेदुखीच्या गोळीवर. मेडिकलवरून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणली होती का, ते आबांना विचारा. तीही लिथियम शरीरातच अडवते. बीपीसाठी लघवीची गोळी सुरू झाली असेल तरी तेच.

रक्तात लिटरमागे साधारण 0.6 ते 1.0 मिलीमोल पुरतं, 1.5 च्या वर विषबाधेची भीती. इतकं कमी अंतर! रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी घेतलं होतं ना? सकाळची गोळी घेऊन लगेच दिलं असेल तर आकडा फुगतो.

पण त्या हिशेबात वेळ घालवू नका. कपातला चहा सांडेल इतका हात थरथरत असेल, जुलाब, चालताना झोक जाणं, बोलणं जड होणं यातलं काही असेल, तर पुढची गोळी न देता आबांना आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्या. लक्षणं नसली तरी आजच डॉक्टरांना फोन करा. लिथियमसोबत मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिनही तपासायला सांगा.