सोयाबीन काढणी: टोळीला तारीख द्यायची की मुदत?

प्रश्न: साहेब, औसा तालुक्यात माझं ९ एकर सोयाबीन आहे. ५ एकर जेएस ३३५, पेरणी २२ जूनची. त्यात वरचं २ एकर मुरमाड आणि खालचं ३ एकर काळं रान. बाकी ४ एकर फुले संगम, ३ जुलैला पेरलेलं. मुकादमाकडं १२ माणसांची टोळी आहे, दिवसाला २ एकर कापते. तो पक्की तारीख मागतोय. गेल्या वर्षी टोळी आली तेव्हा निम्मं रान हिरवं होतं, परत बोलावली तर पाऊस आला आणि खाड्यांवरून भांडण झालं. यंदा दिवस आणि वेळ कशी ठरवू?

उत्तर:

मुकादमाला पक्की तारीख देऊ नका. मुदत सांगा आणि पक्का निरोप दोन दिवस आधी संध्याकाळी द्या. जेएस ३३५ साधारण ९५ ते १०० दिवसांत येतं, म्हणजे तुमच्या पेरणीवरून २५ ते ३० सप्टेंबर. फुले संगम १०० ते १०५ दिवसांचं, ते ११ ते १६ ऑक्टोबरला येईल. मधे जवळजवळ दोन आठवडे आहेत, म्हणून टोळीच्या दोन फेऱ्या धरून चाला. एकाच फेरीत सगळं उरकायला गेलात की गेल्या वर्षीचाच घोळ होतो.

दिवसांची मोजणी फक्त अंदाजाला. २२ सप्टेंबरपासून रोज रानात जाऊन बघा, आणि बांधावरून नव्हे, आत शिरून. पानं पिवळी पडून गळलेली, शेंगा तपकिरी झालेल्या, झाड हलवलं की दाणा खुळखुळतो, ही खूण. दहा ठिकाणच्या शेंगा सोलून दाणा दाताखाली धरा. दात रुतला तर अजून थांबा, कट्कन फुटला तर कापणीला हरकत नाही. तुमचं मुरमाड रान काळ्या रानाच्या चार-पाच दिवस आधी वाळेल, कारण तिथली ओल लवकर संपते. ५ एकराला एक पीक समजू नका, ती दोन रानं आहेत.

आता वेळेचं. मुकादम २ एकर म्हणतो तो हिशोब पूर्ण दिवसाच्या कापणीचा आहे, साधारण ८ तासांचा. नुकत्याच पिकलेल्या रानात तो बरोबर निघतो. पण पीक पाच-सहा दिवस जास्त वाळलं की दुपारच्या उन्हात विळा लागताच शेंगा तडकतात आणि दाणा खाली सांडतो. जेएस ३३५ उशीर झाला की चांगलंच फुटतं. मग कापणी सकाळीच करावी लागते: साडेसहा ते अकरा, दवाने शेंगा जरा लवचीक असतात तोवर. हे झाले साडेचार तास, त्यात एक एकराच्या थोडं वर होईल, बस. म्हणजे ५ एकराला वेळेत गेलात तर अडीच दिवस, उशिरा गेलात तर चार-साडेचार सकाळी. दाणा सांडतो तो वेगळाच. दर दुपारी बाराच्या सुमारास रानातून एक शेंग दोन बोटांत हलकीच दाबून पाहा. दाबताच उघडली तर कापणी थांबवा आणि माणसांना कापलेलं गोळा करायच्या कामाला लावा.

एक लक्षात ठेवा, दवात कापलेलं लगेच गंजीला लावायचं नाही. जागेवरच पातळ पसरून राहू द्या आणि दुपारी तीननंतर वाळलेलं गोळा करा. मळणीचं उलटं असतं. ती अकरा वाजता सुरू करा आणि दव पडायच्या आत आटपा, नाहीतर ओलसर काड हडंब्यात अडकतं आणि दाणाही ओला निघतो. कापणी सकाळची, गोळा करणं दुपारचं, मळणी उन्हातली, असे तीन वेगळे वेळ धरले की त्याच माणसांत काम बसतं.

पावसाचा अंदाज पाहण्यासाठी हवामान खात्याचा जिल्हा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, ‘मेघदूत’ ॲपवरही मिळतो. पुढं तीन दिवस उघडीप दिसत असेल तर टोळीला हो म्हणा. उद्या दुपारी पाऊस सांगितला असेल तर आज फक्त तेवढंच कापा, जेवढं संध्याकाळपर्यंत गोळा करून ताडपत्रीखाली जाईल. कापून जमिनीवर पडलेलं भिजलं तर दोन दिवसांत बुरशी धरते, कोंबही फुटतात. उभं पीक भिजलं तरी ऊन पडल्यावर बऱ्यापैकी वाळतं. पण उभंही फार दिवस ठेवू नका, भिजणं-वाळणं पुन्हा पुन्हा झालं की शेंगा उकलू लागतात. पाऊस उघडल्यावर लगेच माणसं घालू नका. काळ्या रानाला वापसा यायला दोन-तीन दिवस लागतात. त्याआधी गेलात तर चिखल शेंगांना लागतो, दाणा डागाळतो आणि भाव पडतो. तोवर मुरमाड रान कापून घ्या. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात. गडगडाट कानावर आला की माणसांना पक्क्या घरात न्या, झाडाखाली नाही. हे मुकादमाला आधीच सांगून ठेवा, कारण उक्त्यावरचा माणूस काम सोडायला तयार नसतो.

याच उक्त्यामुळं पुष्कळ भांडणं होतात. एकरावर ठरलं की टोळीला लवकर उरकायचं असतं, दव आहे की ऊन आहे हे कोण बघतो? म्हणून व्यवहार दोन टप्प्यांत करा. एकराचा दर ठरवा, पण अर्धे पैसे कापणी झाल्यावर आणि अर्धे गंजी लागून झाकल्यावर. आलेली टोळी पावसामुळं किंवा दाणा हिरवा निघाल्यामुळं बसून राहिली तर त्या खाड्याचे किती, हे आजच बोला आणि कागदावर घ्या. निरोप तुम्ही दिलेला असताना माणसं परत पाठवलीत तर खाड्याचा काही भाग तुम्हीच द्यायचा, त्यात मला गैर वाटत नाही. खाडा वाचवायचा सगळ्यात चांगला उपाय मात्र शेजाऱ्याशी सावड. ज्याची पेरणी तुमच्याहून आठवडाभर पुढं-मागं आहे असे दोघे-तिघे एकत्र बसून टोळी बोलवा. एकाचं हिरवं निघालं तर टोळी दुसऱ्याच्या रानात जाते.

तुमचं वेळापत्रक असं बसेल. २२ ला पाहणी सुरू. २३ च्या संध्याकाळी मुरमाडाचा निरोप, २५ ला ते २ एकर, एक दिवस. २६ ते २८ टोळी शेजाऱ्याकडं. २७ ला काळ्या रानाची खात्री करून निरोप द्या, २९ आणि ३० ला ३ एकर, दीड दिवस. उरलेल्या अर्ध्या दिवसात गंजी लावा, शेंगांची बाजू आत आणि खाली दगड किंवा लाकडं. ऊन असेल त्या दिवशी ताडपत्री काढा आणि गंजीत हात घाला. आत गरम लागलं तर मोडून पसरा, नाहीतर उगवण जाते. दोन-तीन उन्हं मिळाली की ३-४ ऑक्टोबरला मळणी. बियाणं ठेवायचं असेल तर ते वेगळं आणि हडंब्याचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत. विक्रीला १२ टक्क्यांपर्यंत ओलावा यावा लागतो. मग ९ ऑक्टोबरला फुले संगमची पाहणी, आणि तारखा पावसाने सरकल्या तर निरोपही तितकेच दिवस पुढं ढकला.