बिलिंग ॲड्रेसमध्ये पुण्याचा पिन टाकू की न्यू जर्सीचा झिप?

«दादा, पुढच्या महिन्यात एडिसनला येतोय. सुरुवातीला पुण्याच्या बँकेचंच कार्ड वापरेन, मग तिथलं काढेन. ऑनलाइन पैसे भरताना बिलिंग ॲड्रेस आणि झिप कोड मागतात, तिथे नेमकं काय टाकायचं? जुळलं नाही तर पैसे अडकतात का?»

बँकेच्या दप्तरी त्या कार्डासमोर जो पत्ता आहे, तोच टाकायचा. तू राहतोस कुठे किंवा सामान कुठे मागवतोयस, त्यासाठी शिपिंग ॲड्रेसचा रकाना वेगळा असतो.

आपल्याकडे कार्डवाल्याची खात्री ओटीपीने होते. अमेरिकेत बहुतेक साइट ओटीपी मागतच नाहीत, तिथे ते काम बऱ्याच अंशी पत्त्यावर चालतं. दुकान मंजुरी मागताना तू टाकलेला पत्ताही कार्डाच्या बँकेकडे पाठवतं. बँक त्यातले मुख्यतः आकडे ताडून बघते: घराचा नंबर आणि झिप कोड. ‘स्ट्रीट’ लिहिलंस की नुसतं ‘St’, याने सहसा फरक पडत नाही. पण अपार्टमेंटचा नंबर घराच्या नंबराला चिकटवू नकोस, तो दुसऱ्या ओळीत टाक. आणि न्यू जर्सीचे झिप शून्यापासून सुरू होतात, एडिसनचा 08820 घे. ते शून्य गाळायचं नाही.

दुकानाला उत्तर एका अक्षरात येतं. दोन्ही जुळलं तर Y, फक्त झिप जुळला तर Z, फक्त घराचा नंबर जुळला तर A, काहीच नाही तर N. इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण पैसे अडकतात ते इथेच. बँक दोन वेगळी उत्तरं देते. खात्यात पैसे आहेत का, व्यवहार मंजूर का, हे एक. पत्ता जुळला का, हे दुसरं. पत्ता जुळला नाही तरी बँक मंजुरी देऊ शकते. त्या अक्षरावरून ऑर्डर घ्यायची की नाकारायची, हे दुकान ठरवतं.

माझ्या ऑफिसात नागपूरहून आलेल्या एका मुलाचं असंच झालं. आल्या आल्या त्याने मित्राच्या घरच्या पत्त्यावर खातं उघडलं, नंतर दुसऱ्या गावात भाड्याने घर घेतलं. पोस्टात पत्ताबदल नोंदवला, पण बँकेत तोच जुना राहिला. मग 64 डॉलरचं सामान मागवताना त्याने नव्या घराचा पत्ता बिलिंगमध्ये टाकला. बँकेने 64 डॉलर मंजूर केले आणि सोबत N पाठवला. दुकानाने ऑर्डर नाकारली. त्याला वाटलं टायपिंग चुकलं, म्हणून त्याने आणखी दोनदा तेच केलं. बँकेच्या ॲपमध्ये 64 च्या तीन नोंदी ‘Pending’ म्हणून दिसायला लागल्या आणि डेबिट कार्ड असल्यामुळे खात्यातले 192 डॉलर अडकून पडले. पैसे कापले गेले नव्हते, नुसते धरून ठेवले होते. दुकानाने मंजुरी रद्द केली तर ते लवकर सुटतात, नाहीतर मुदत संपेपर्यंत काही दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्यात घरभाड्याची तारीख आली तर खरी पंचाईत होते.

म्हणून पेमेंट फसलं की आधी बँकेचं ॲप उघड. ‘Pending’ नोंद दिसली तर बँकेने मंजुरी दिली होती आणि दुकानाने अडवलं, म्हणजे पत्त्यावर संशय घ्यायला जागा आहे. नोंदच नसेल तर बहुधा बँकेनेच नाकारलंय. दोन्ही वेळा लगेच पुन्हा बटण दाबत बसू नकोस.

आता तुझं पुण्याचं कार्ड. भारतीय बँका सहसा या पत्ता-तपासणीत नसतात, त्यामुळे दुकानाला ‘जुळलं’ही कळत नाही आणि ‘नाही जुळलं’ही कळत नाही. काही दुकानं तसंच घेतात, काही सरळ परत पाठवतात. देशाच्या यादीत भारत निवड, मग पिनचे सहाही आकडे टाकता येतात. यादीत भारत नसेलच तर मित्राचा इथला पत्ता घालून वेळ मारून नेऊ नकोस: पेमेंट कदाचित होऊन जाईल, पण ऑर्डर पुढे तपासणीत अडकली तर तो पत्ता तुझा असल्याचं तू दाखवू शकणार नाहीस. त्यापेक्षा मित्रालाच पैसे भरायला सांग. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत ना, तेही बघ. 2020 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर दिलेल्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. भारतीय सिम चालू ठेव, एखादी साइट ओटीपी मागतेच.

पेट्रोल पंपावर तर मशीन फक्त पाच आकडी झिप मागतं, तिथे पुण्याचा पिन बसतच नाही. आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर आणि रक्कम सांगायची, कार्ड तिथेच चालवतात. न्यू जर्सीत पेट्रोल कर्मचारीच भरतो, त्यामुळे हा प्रसंग बहुधा पेनसिल्व्हेनियात किंवा न्यूयॉर्कला गेल्यावर येईल.